गोदामाच्या तापमानावरील डीपीसीएम आणि प्रेडिक्शन गेनचा हिशेब

प्रश्न: सर, लातूरजवळच्या सोयाबीनच्या एका पत्र्याच्या गोदामात थर्मिस्टर लावून दर मिनिटाला तापमान घेतो आणि लोरा रेडिओवर पाठवतो. दिवसभरात ते २४ ते ३६ अंशांच्या दरम्यान फिरतं. पहिल्या क्रमाच्या प्रेडिक्टरसाठी लागोपाठच्या रीडिंगमधला सहसंबंध ρ सूत्रानं ०.९९९९९ येतो, म्हणजे गेन ४७ डेसिबल हवा. प्रत्यक्ष रीडिंगवर साडेएकोणतीसच येतो. प्रेडिक्टरचा गुणक a थोडा मागेपुढे करून पाहिला, उपयोग नाही. दुसऱ्या क्रमाचा प्रेडिक्टर घेऊ का? आणि एका रीडिंगला ४ बिट पुरतील का?

उत्तर:

सूत्र तुम्ही बरोबर वापरले आहे. मात्र ते ज्या सिग्नलला लागू पडते तो सिग्नल तुमच्या कंट्रोलरपर्यंत पोहोचत नाही. त्यात सेन्सरचा नॉइज मिसळलेला असतो आणि मधले १८ डेसिबल त्यानेच खाल्ले आहेत. दुसऱ्या क्रमाचा प्रेडिक्टर घेतलात तर आकडा आणखी खाली जाईल. ४ बिट पुरतात, परंतु ते का पुरतात हे केवळ गेनच्या आकड्यावरून ठरवता येत नाही, म्हणून हिशेब पहिल्यापासून मांडतो.

पहिल्या क्रमाचा प्रेडिक्टर मागच्या रीडिंगला a ने गुणून पुढच्याचे भाकीत करतो आणि आपण पाठवतो तो भाकीत व प्रत्यक्ष यांतला फरक, e; हीच डीपीसीएम पद्धत. सिग्नलची सरासरी काढून टाकलेली असेल, तर या फरकाचा व्हेरिअन्स असा येतो:

`σe² = σx² (1 + a² − 2aρ)`

`a = ρ` ठेवल्यास तो सर्वांत कमी होतो आणि गेन, म्हणजे σx² भागिले σe², `1/(1 − ρ²)` मिळतो. `a = 1` ठेवल्यास, म्हणजे सरळ वजाबाकी केल्यास, गेन `1/(2(1 − ρ))` मिळतो. ρ एकच्या इतका जवळ असताना `1 + ρ` जवळजवळ २ असतो, त्यामुळे ही दोन्ही उत्तरे व्यवहारात एकच ठरतात. a चा आकडा किंचित हलवून तुम्हाला फरक दिसला नाही, त्याचे कारण हेच आहे. सरळ वजाबाकी तोट्याची ठरते ती ρ ०.५ च्या खाली गेल्यावर. तेव्हा फरकाचा व्हेरिअन्स मूळ सिग्नलपेक्षाही मोठा होतो. तुमच्या गोदामात तशी वेळ येणार नाही.

आता तुमचे आकडे घेऊ. तापमानाचा दिवसभराचा चढउतार ६ अंश उंचीची साइन लहर मानू. तिचा व्हेरिअन्स ६ चा वर्ग भागिले २, म्हणजे १८ होतो. दिवसाची १४४० मिनिटे असल्याने एका मिनिटाला लहर २π/१४४०, म्हणजे ०.००४३६ रेडियन पुढे सरकते. त्यामुळे दोन लागोपाठच्या रीडिंगमधला फरक सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, तापमान सर्वांत वेगाने चढत असतानाही, ६ × ०.००४३६ म्हणजे ०.०२६ अंशांच्या वर जात नाही. या फरकाचा व्हेरिअन्स ०.०००३४ येतो आणि १८ ला त्याने भागले की ५२,००० च्या वर, म्हणजेच तुमचे ४७ डेसिबल. इथपर्यंत सगळे स्वच्छ आहे.

परंतु रीडिंगमध्ये तापमानाबरोबर नॉइज येतो आणि त्याला मागच्या मिनिटाची काहीच आठवण नसते. वजाबाकी करताना या रीडिंगचा नॉइज आणि मागच्या रीडिंगचा नॉइज एकमेकांना कापत नाहीत. त्यांचे व्हेरिअन्स बेरजेत जातात. म्हणून `a = 1` असताना:

`σe² = 2σs²(1 − ρs) + 2σw²`

इथे s म्हणजे खरे तापमान आणि w म्हणजे नॉइज. सिग्नल कितीही संथ केला, तरी पहिले पद शून्याकडे जाते आणि दुसरे जागच्या जागी राहते. साडेएकोणतीस डेसिबलवरून उलटा हिशेब केला, तर तुमचा σe² सुमारे ०.०२०३ आणि नॉइज ०.१ अंश आरएमएस निघतो. म्हणजे ०.०२०३ पैकी ०.०२ नॉइजचे आणि ०.०००३४ तापमानाचे. तुम्ही जे बिट हवेतून पाठवत आहात त्यांत तापमानाची बातमी फारच थोडी आहे, बाकी सारी थर्मिस्टरच्या वायरीची थरथर आहे.

माझ्या तर्कावर विसंबू नका, याची खातरजमा तुमच्याकडच्याच आकड्यांवरून करता येते. e ची मालिका घ्या आणि तिचा एका पावलाच्या अंतरावरचा सहसंबंध काढा. निव्वळ नॉइजच्या वजाबाकीत तो ठीक −०.५ येतो, कारण आजचा नॉइज या फरकात अधिक चिन्हाने आणि पुढच्या फरकात उणे चिन्हाने येतो. तुमच्या आकड्यांसाठी तो −०.४७ च्या आसपास यायला हवा. आलेख न काढताही हे दिसते: e ची यादी वाचताना +१२, −९, +१५, −१७ अशी चिन्हे वारंवार उलटत असतील तर तो नॉइज आहे, आणि सकाळभर +२, +३, +२, +३ असे एकाच बाजूचे आकडे येत असतील तर सिग्नलमध्ये अजून भाकीत करण्याजोगे काही शिल्लक आहे.

दुसऱ्या क्रमाचा प्रेडिक्टर या दुसऱ्या परिस्थितीसाठी असतो. मागच्या दोन रीडिंगमधून सरळ रेषा ओढून पुढचे भाकीत करणारा, `2x[n−1] − x[n−2]` हा प्रेडिक्टर घेतला, तर तापमानाचे पद जवळजवळ नाहीसे होते, पण नॉइजचे गुणक १, ४ आणि १ असे जमून `6σw²` होतात. तुमच्याकडे ते ०.०६ भरेल, म्हणजे आताच्या तिप्पट. तुमच्यापुढचा प्रश्न भाकिताचा नाहीच. रीडिंग स्वच्छ करण्याचा आहे.

स्वच्छ करण्याचा मार्ग साधा आहे. मिनिटाला एकच रीडिंग न घेता त्या क्षणी १६ रीडिंग घ्या आणि त्यांची सरासरी पुढे द्या. ही रीडिंग १.२५ मिलिसेकंदांच्या अंतराने घेतलीत तर सोळा मिळून २० मिलिसेकंद होतात, म्हणजे ५० हर्ट्झ विजेची एक पूर्ण फेरी, आणि थ्री-फेज पंख्यांच्या केबलशेजारून जाणाऱ्या वायरीत शिरलेली विजेची गुणगुण सरासरीतच मरते. उरलेला नॉइज एकमेकांशी असंबद्ध असेल तर तो चौथाईवर, ०.०२५ अंशांवर येतो. मग `2σw²` ०.००१२५ होते, त्यात तापमानाचे ०.०००३४ मिळवले की σe² ०.००१६ आणि गेन सुमारे ४० डेसिबल. एका सरासरीने ११ डेसिबल परत मिळाले आणि प्रेडिक्टरला हातही लावला नाही. इतके झाले नाही आणि σe जेमतेम अर्ध्यावर आला, तर नॉइज २० मिलिसेकंदांपेक्षा संथ आहे असे समजा. बहुधा पंख्याची झुळूक सेन्सरवर येत असते, आणि तिथे सरासरीपेक्षा सेन्सरची जागा बदलणे बरे.

गेनच्या आकड्याबाबत एक सावधगिरी सांगायला हवी, कारण यात अनुभवी माणसेही फसतात. गेन हा भागाकार आहे आणि त्यातला वरचा आकडा, σx², तुम्ही किती वेळाचा तुकडा घेता यावर ठरतो. पूर्ण दिवस घेतला तर तो १८ येतो. सकाळचा एकच तास घेतला, तर तापमान सुमारे दीड अंश चढते, त्या तासाच्या सरासरीभोवतीचा व्हेरिअन्स नॉइज धरून ०.२१ च्या आसपास येतो आणि त्याच सेन्सरवर, त्याच प्रेडिक्टरने गेन १० डेसिबल निघतो. यंत्रणेत काहीही बदललेले नसते. याच्या उलट, सरासरी वजा न करता ३० अंशांच्या रीडिंगचाच वर्ग घेतला, तर वरचा आकडा ९०० च्या पुढे जातो आणि गेन फुकटचे १७ डेसिबल फुगतो. म्हणून मी स्वतः गेनपेक्षा σe अंशांमध्ये किती, हे आधी पाहतो. क्वांटायझरची पायरी त्यावरच ठरते.

आता बिटांचा प्रश्न. तुम्ही रीडिंग अंशाच्या शंभराव्या भागात, १६ बिटी पूर्णांक म्हणून साठवत असाल असे धरतो. सरासरी न घेता, आहे त्या नॉइजसकट, σe ०.१४३ अंश आहे. ४ बिटांतल्या १६ कोडपैकी −७ ते +७ असे पंधरा फरकासाठी वापरू आणि सोळावा राखून ठेवू. पायरी ०.०५ अंशांची घेतली तर कोड ±०.३५ अंशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांची कड ±०.३७५ वर, म्हणजे σe च्या २.६ पट अंतरावर येते. या पायरीची गोलाईची चूक ०.०५ भागिले √१२, म्हणजे ०.०१४ अंश. याच्या जागी प्रेडिक्टर न लावता २४ ते ३६ ही पूर्ण कक्षा १६ पायऱ्यांत विभागली असती, तर पायरी ०.७५ अंशांची आणि चूक ०.२१७ अंशांची झाली असती. दोन्हींत पंधरा पट, म्हणजे साडेतेवीस डेसिबलचा फरक पडला.

साडेएकोणतीसचा गेन असून हाती साडेतेवीसच का आले, हे पाहण्यासारखे आहे. साइन लहरीचे टोक तिच्या आरएमएसच्या फक्त १.४१ पट असते, म्हणून तिला कक्षा घट्ट बसवता येते. e मात्र घंटाकृती पसरलेला असतो आणि त्याच्या शेपटासाठी २.६ पटींपर्यंत जागा ठेवावी लागते. यात साडेपाच डेसिबल जातात, आणि एक कोड राखून ठेवल्याने आणखी अर्धा. गेनला ६ ने भागून इतके बिट वाचले असे परस्पर लिहून टाकण्याची सवय आहे. e आणि मूळ सिग्नल यांच्या विखुरण्याचा आकार सारखा असेल तरच ते खरे ठरते.

एन्कोडर लिहिताना सर्वांत जास्त घोळ कुठे होतो, तर भाकीत कशावरून करायचे यात. मागच्या खऱ्या रीडिंगवरून ते करायचे नाही; रिसीव्हरकडे जे मागचे रीडिंग तयार झालेले असेल त्यावरून करायचे. एन्कोडरच्या आतच एक डिकोडर चालला पाहिजे:

```c
#define STEP 5               /* 0.05 °C */
int32_t pred = x[0];         /* x: 0.01 °C */
for (int n = 1; n < 60; n++) {
    int32_t e = x[n] - pred;
    int32_t c = lround((double)e / STEP);
    if (c >  7) c =  7;
    if (c < -7) c = -7;
    code[n] = c;
    pred += c * STEP;
}
```

शेवटून दुसरी ओळ `pred = x[n];` अशी लिहिली तरी प्रोग्राम बिनतक्रार चालतो, e चा व्हेरिअन्सही तितकाच दिसतो, आणि टेबलावर पाच मिनिटे तपासले तर सगळे ठीक वाटते. पण रिसीव्हर प्रत्येक कोड बेरजेत टाकत असल्यामुळे गोलाईच्या सगळ्या चुका तिथे साचत जातात. मध्ये कधीच पूर्ण रीडिंग पाठवले नाही, तर १४४० रीडिंगनंतर ही चूक ०.०१४ × √१४४०, म्हणजे अर्ध्या अंशापलीकडे भरकटते. त्यातही `lround` ऐवजी नेहमी खालच्या पायरीवर उतरवणारा भागाकार असेल, तर प्रत्येक रीडिंगमागे सरासरी ०.०२ अंशाची एकतर्फी घट पडते आणि दिवसाअखेर रिसीव्हरचे तापमान खऱ्यापेक्षा सुमारे २९ अंशांनी खाली दिसते. वरच्या कोडमध्ये चूक पुढच्या भाकितात परत येते, म्हणजे ही बंद फेरी, क्लोज्ड लूप, आहे, त्यामुळे तीच खालची पायरी वापरली तरी चूक ०.०२ अंशावरच थांबते. क्वांटायझरला फेरीच्या आत ठेवण्याची ही कल्पना जुनी आहे. बेल लॅब्जच्या सी. चॅपिन कटलर यांनी १९५० साली अर्ज केलेले डिफरेन्शियल क्वांटायझेशनचे पेटंट त्यांना १९५२ साली मिळाले.

बंद फेरीची किंमत म्हणून क्वांटायझरची चूकही भाकितात शिरते आणि σe² मध्ये तिचा व्हेरिअन्स मिळवावा लागतो. तुमच्या पायरीला तो ०.०००२ आहे, ०.०२०३ पुढे तो नगण्य. एका बिटाच्या डेल्टा मॉड्युलेशनमध्ये मात्र हाच भाग डोईजड होतो.

आता a. पुस्तकांत ०.९५ किंवा ०.९ सारखा आकडा दिलेला असतो, आणि तो का दिला आहे हे समजून घेतल्याशिवाय गोदामाच्या तापमानावर उचलून ठेवू नये. लिंकवर एखादा कोड चुकला किंवा हरवला, तर `a = 1` असताना ती चूक रिसीव्हरच्या बेरजेत कायमची राहते. a एकाहून कमी असेल तर ती हळूहळू विरते, ०.९५ ला साधारण तेरा-चौदा रीडिंगमध्ये निम्मी होते. पण संथ सिग्नलवर ही सोय महागात पडते. सरासरी ३० अंश वजा केली तरी दुपारी तापमान तिच्यापेक्षा ६ अंश वर असते, आणि ०.९५ चा प्रेडिक्टर दर मिनिटाला त्यातले ०.३ अंश खाली ओढलेले भाकीत करतो. तुमची पूर्ण धाव ०.३५ अंशांची. कोड तासन्‌तास +६ च्या आसपास अडकून राहतात आणि गेन साडेचोवीस डेसिबलवर येतो. सरासरी वजा करायचेच विसरलात तर ओढ दीड अंशाची होते आणि क्वांटायझर पार कोलमडतो. ०.९९ घेतला तर गेनमधून एक तृतीयांश डेसिबल जातो, पण चूक निम्मी व्हायला ६९ मिनिटे लागतात.

माझा सल्ला असा की, `a = 1` ठेवा आणि चूक पुसण्याचे काम पॅकेटवर सोपवा. दर तासाच्या पॅकेटमध्ये पहिले रीडिंग पूर्ण १६ बिटी द्या आणि पुढची ५९ चार-चार बिटांत. २५२ बिट म्हणजे ३२ बाइट होतात. कच्ची ६० रीडिंग १२० बाइट भरली असती, आणि लोरावॅनच्या भारतीय ८६५–८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्यात सर्वांत संथ वेगाला एका पॅकेटमध्ये ५१ बाइटच बसतात. एखादे पॅकेट हरवले तर तो तास जातो, पण पुढचा तास स्वच्छ सुरू होतो.

वर सांगितलेली सरासरी घेतलीत तर तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पायरी ०.०५ च ठेवून ३ बिटांवर या: −३ ते +३ कोड ±०.१५ अंशांपर्यंत जातात, कड σe च्या चौपटीच्या वर राहते आणि पॅकेट २५ बाइटचे होते. किंवा ४ बिटच ठेवून पायरी ०.०२ करा, म्हणजे कमाल चूक अंशाच्या शंभराव्या भागाइतकी उरेल. धान्याच्या गोदामाला इतक्या बारकाईचे काम नसते, म्हणून मी पहिली वाट घेईन, बॅटरी वाचते.

राहिला तो राखून ठेवलेला कोड. साइन लहर हा कागदावरचा सोयीचा नमुना आहे. प्रत्यक्षात दुपारी ट्रक लागतो, शटर वर जाते आणि तापमान मिनिटाभरात तीन अंश चढते. ०.३५ च्या उड्या मारत एन्कोडरला ते गाठायला नऊ मिनिटे लागतात आणि तोवर रिसीव्हरला उंच पायरीच्या जागी सावकाश चढणारा उतार दिसतो. हा ओव्हरलोड ओळखण्याची खूण म्हणजे +७, +७, +७ अशी एकाच टोकाची रांग. नॉइजमुळे टोक गाठले गेले असेल तर अशी रांग सहसा दिसत नाही, एखादा +७ येऊन पुढचा कोड उलट्या दिशेला जातो. यावर उपाय असा की, फरक कडेबाहेर गेला की कोड छाटायच्या ऐवजी −८ पाठवायचा, त्यामागे पूर्ण १६ बिटी रीडिंग द्यायचे आणि `pred` त्या रीडिंगवर आणायचा; ३ बिटांच्या वाटेत हेच काम −४ करतो. ४ बिटांच्या पॅकेटमध्ये ५१ बाइटच्या मर्यादेत असे नऊ प्रसंग बसतात. एका तासात याहून जास्त येऊ लागले तर एन्कोडरला ते पॅकेट अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन भाग करून पाठवू द्या, आणि कोणत्या तासांना असे घडते त्याची नोंद ठेवा. गोदामात शटरची वेळ त्या नोंदीशी जुळत नसेल तर थर्मिस्टरचा जोड सैल झाला आहे का ते आधी पाहा.